झिरो कूपन बाँड, सहा महिन्यांनंतर: बाँड ठीक, स्टेटमेंटचा एक रकाना मात्र साफ चुकीचा

दहा वर्षांचा झिरो कूपन बाँड घेऊन सहा महिने झाले. दर्शनी किंमत १०००, घेतला ५०८.३५ ला, म्हणजे ७ टक्के यील्डने. झिरो कूपन म्हणजे काय वगैरे इथे येणाऱ्यांना माहीत असतंच, मधे एक पैसा येत नाही, शेवटी १००० एकदम. लिहायला बसले कारण परवा सहामाही स्टेटमेंट आलं आणि त्यात लिहिलं होतं, अपेक्षित किंमत ५३२.९३, बाजारभाव ५०३.०६, तूट २९.८७. ब्रोकरच्या कस्टमर केअरशी यावरून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

आधी त्या सवलतीबद्दल, कारण ॲपवर बाँडच्या नावाशेजारी "४९% डिस्काउंट" असा ठळक बिल्ला लावलाय आणि मला तो पहिल्या दिवसापासून खटकतोय. ही सूट नाहीये हो. कोणी तुम्हाला माल स्वस्तात देत नाहीये. दहा वर्षं व्याज मिळणार नाही, मग आज पूर्ण १००० देऊन दहा वर्षांनी तेच १००० परत कोण घेईल? तेवढ्या काळात दुसरीकडे ७ टक्के मिळतायत, तर प्रश्न एवढाच राहतो की आज किती ठेवले तर ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षांत १००० होतील. १.०७ दहा वेळा एकमेकांशी गुणा, १.९६७२ येतं, १००० ला त्याने भागा, ५०८.३५. संपलं. मधला ४९१.६५ चा फरक हेच दहा वर्षांचं सगळं व्याज, फक्त ते किमतीत आधीच वजा करून ठेवलेलं. म्हणून मुदत लांबली की सवलत मोठी दिसते आणि यील्ड वाढलं की अजून मोठी. मोठा बिल्ला बघून बाँड निवडणारा माणूस खरं तर जास्त मुदत किंवा जास्त जोखीम निवडत असतो, आणि ॲप त्याला ते कुठेच सांगत नाही.

आता तो रकाना. ५३२.९३ आले कुठून हे शोधायला मला कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागली. त्यांनी ४९१.६५ चे वीस सारखे भाग केले, एक भाग २४.५८, तो खरेदी किमतीत मिळवला आणि झाली अपेक्षित किंमत. सरळ रेषा! पण बाँड सरळ रेषेत वाढतच नाही. पहिल्या वर्षी ७ टक्के ५०८ वर लागतात म्हणून वाढ ३५.५८, शेवटच्या वर्षी तेच ७ टक्के ९३४.५८ वर लागतात म्हणून ६५.४२. सरळ रेषेने बघितलं तर पहिल्या वर्षी जवळपास पावणेदहा टक्के वाढ दिसते आणि शेवटच्या वर्षी जेमतेम सव्वापाच, आणि असा बाँड मी घेतलेलाच नाही. सहा महिन्यांनी यील्ड ७ वरच असतं तर खरी किंमत ५२५.८४ असायला हवी होती. म्हणजे तूट म्हणून जे २९.८७ छापलंय त्यातले ७.०९ निव्वळ त्यांच्या रेषेचे, बाजाराचा त्यात काही संबंध नाही. आणि हा घोळ वाढत जाणारा आहे, पाचव्या वर्षाच्या शेवटी खरी रेषा ७१३ च्या आसपास असेल आणि यांचा रकाना ७५४ दाखवेल. तुमच्या स्टेटमेंटमध्येही असा रकाना असेल तर लागोपाठची दोन वर्षं घ्या आणि पुढच्या आकड्याला मागच्याने भागा. दरवर्षी तेच उत्तर आलं तर बरोबर, दरवर्षी तेवढीच रक्कम मिळवलेली दिसली तर सरळ रेषा.

कस्टमर केअरचं म्हणणं, "मॅडम, हा फक्त सूचक आकडा आहे." सूचक असला म्हणून चुकीचा चालेल का? त्या लाल आकड्याला घाबरून कोणी बाँड विकून मोकळा होतो, त्याचं काय?

उरलेले २२.७८ मात्र खरे आहेत, तिथे मी ब्रोकरला बोल लावणार नाही. मधल्या काळात यील्ड ७ वरून ७.५ वर गेलं. नऊ वर्षं सहा महिने राहिलेत, १००० ला १.०७५ च्या साडेनऊ घाताने भागलं की ५०३.०६ येतात, बरोब्बर बाजारभाव. वेळ सरकल्याने १७.४९ मिळाले, यील्ड चढल्याने २२.७८ गेले, निव्वळ ५.२९ खाली. अर्ध्या टक्क्याला एवढा झटका कारण सगळे पैसे एकाच लांबच्या तारखेला आहेत आणि नवीन दर त्या पूर्ण अंतरावर लागतो. तुलना करायची तर घेतल्या क्षणीच दर अर्धा टक्का वाढला असता तर हा बाँड साधारण ४.६ टक्के पडला असता, आणि दरवर्षी ७ टक्के कूपन देणारा तेवढ्याच मुदतीचा बाँड ३.४ टक्के, कारण त्याचे काही पैसे लवकर हातात येतात. दर उतरले की हाच हिशोब उलटा फिरतो आणि झिरो जास्त उसळतो.

पहिले काही महिने माझं मत असं होतं की मधे काहीच हातात येत नाही हीच याची सर्वात मोठी गैरसोय. आता मत बदललंय, आणि ते कूपनवाल्या बाँडचा हिशोब मांडल्यावर. त्यावर ७ टक्के लिहिलेलं असतं पण ते दहा वर्षं टिकायला आलेलं प्रत्येक कूपन परत ७ टक्क्यानेच गुंतवता यायला हवं. समजा १००० गुंतवले, दरवर्षी ७० आले आणि ते ५ टक्क्यानेच ठेवावे लागले, तर शेवटी १८८० होतात आणि खरा परतावा साडेसहा टक्क्यांवर येतो. तेवढेच १००० झिरोमध्ये ७ टक्क्याने टाकले तर १९६७, मधे दर कुठेही जावोत. मला ठरलेल्या वर्षी ठरलेली रक्कम हवी आहे, तिथे याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही, या बाबतीत मी खरंच खूश आहे.

पण हे सगळं शेवटी पैसे मिळतील या अटीवर. कूपनवाल्यात कंपनी सातव्या वर्षी बुडाली तरी सहा कूपनं तरी खिशात आलेली असतात, झिरोमध्ये तोवर काहीच आलेलं नसतं, म्हणून मी सरकारीच घेतला आणि थोड्या जास्त यील्डसाठी दुबळ्या कंपनीचा लांब मुदतीचा झिरो मी तरी घेणार नाही. काही देशांत न मिळालेल्या व्याजावरही दरवर्षी टॅक्स लागतो, तो खिशातून भरावा लागतो, आपल्याकडे काय नियम आहे ते घेण्याआधी बघा.

रेटिंग: बाँडला पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण मधेच विकायला गेलं की खरेदी-विक्रीच्या भावात बरंच अंतर दिसतं. ॲपला दोन. तक्रारीत मी चक्रवाढीचा पूर्ण तक्ता वर्षवार जोडून पाठवलाय आणि "अपेक्षित किंमत" दुरुस्त करा किंवा रकाना काढून टाका असं लिहिलंय. त्यांनी तक्रार परस्पर बंद केली होती, मी ती काल परत उघडली.