आधी व्हिडिओ कॉल की आधी चौकशी?

माझी आतेबहीण चौतीस वर्षांची, घटस्फोटित, जुळे सोलापुरात राहते आणि शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात लग्नाच्या ॲपवर तिची दोन स्थळांशी एकाच वेळी बोलणी सुरू होती. एक जण पहिल्या आठवड्यातच व्हिडिओ कॉलवर आला, दुसरा तीनदा टाळत राहिला. ती मला म्हणाली, "ताई, जो तोंड दाखवत नाही त्याला सोडूनच देते." मी म्हटलं, थांब. व्हिडिओ कॉलने एक गोष्ट कळते आणि प्रश्नांनी दुसरीच. प्रत्यक्ष भेटायचं की नाही हे ठरवायला दोन्ही लागतात, पण कशाचा भरवसा किती धरायचा ते माहीत हवं.

व्हिडिओ कॉलने कळतं ते एवढंच, की फोटोतला माणूस आणि बोलणारा माणूस एक आहे की नाही. हे थोडं नाही. परदेशात नोकरी, भारदस्त फोटो, पंधरा दिवसांत 'आई-बाबांना तुझ्याबद्दल सांगितलंय', मग तुमच्या नावाने पाठवलेली भेटवस्तू कस्टममध्ये अडकली आणि सोडवायला पैसे भरा, ही जी ठरलेली फसवणूक आहे, ती बहुतेक वेळा इथेच उघडी पडते. फोटो दुसऱ्याच कुणाचा असतो. असा माणूस कॉल घेतच नाही, किंवा वीस सेकंद दिसतो आणि 'नेटवर्क गेलं'. नेटवर्क आपल्याकडेही जातं, त्यामुळे एकदा कॉल तुटला म्हणून कुणाला चोर ठरवू नये. पण तिन्ही वेळा तुम्ही काहीतरी विचारलं की लगेच तुटत असेल, तर तो आधी चित्रित केलेला व्हिडिओ असू शकतो. ओठ आणि आवाज यांचा मेळ बघा.

हल्ली दुसऱ्याचा चेहरा चढवून बोलणारेही आहेत. मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, हात चेहऱ्यावरून सावकाश फिरवायला सांगा. साधी सॉफ्टवेअरं तिथे गडबडतात: कानाजवळची कड फाटते, बोटांमागे नाक विरघळल्यासारखं दिसतं. चांगली सॉफ्टवेअरं मात्र आता यातूनही निभावून नेतात. म्हणून मला जास्त भरवशाचं वाटतं ते वेगळंच. बोलता बोलता, आधी न सांगता, "जरा गॅलरीत जा ना, तुमची गल्ली दाखवा" म्हणायचं. संगणकापुढे चेहरा चढवून बसलेल्याला अचानक उठून रस्ता दाखवणं जड जातं. खरा माणूस कुरकुरत का होईना, जातो.

कॉल दिवसा करा आणि ॲपमध्ये सोय असेल तर नंबर न देता तिथूनच करा. समोरचा स्क्रीन रेकॉर्ड करत असेल असं धरूनच बसा. अंगावरचे कपडे काढायला लावून नंतर पैसे मागणारे याच रस्त्याने येतात.

आता पहिल्या स्थळाकडे येऊ. चेहरा तोच, आवाज छान, घरचे सोलापूरचे, नोकरी पुण्यात. दोन कॉल झाले आणि बहीण निम्मी हो म्हणून बसली होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट खटकली: दोन्ही कॉल गाडीत बसून, दुपारचे. संध्याकाळी नाही, रविवारी नाही. व्हिडिओत माणूस खरा होता. त्याचं आयुष्य खरं आहे का, हे व्हिडिओ सांगत नाही.

तिथे प्रश्न लागतात. ते असे हवेत की खऱ्या माणसाला आठवावं लागत नाही आणि खोट्याला नेटवर सापडत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज किती, हे कुणीही शोधून 'सात' सांगेल. त्यापेक्षा "तुमच्या भागात पाणी कितव्या दिवशी येतं?" हे विचारा. सोलापुरात राहणारा नुसता आकडा सांगत नाही, तक्रार सांगतो: कधी येतं, कुठल्या वेळी, मोटर लावायला कोण उठतं. (दहा वर्षं बाहेर असलेल्याला हे नीट सांगता येणार नाही, हेही लक्षात ठेवावं.) प्रश्नातच उत्तर देऊ नका. "तुम्ही वालचंदला होतात ना?" याला 'हो' म्हणायला काय लागतं? "कॉलेज कुठलं, जायचात कसे?" असं विचारा आणि आठवड्याभराने त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने या.

पहिल्या स्थळाला बहिणीने स्वतःच्या अनुभवातला प्रश्न विचारला: घटस्फोट कसा झाला? तो म्हणाला, परस्पर संमतीने, मार्चमध्ये अर्ज, एप्रिलमध्ये निकाल. तिला ते पटेना. हिंदू विवाह कायद्यात पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यांत सहा महिन्यांची मुदत असते आणि तिला स्वतःला ती पूर्ण काढावी लागली होती. पण एवढ्यावरून तो खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत न्यायालय माफ करू शकतं. म्हणून तिने पुढचं विचारलं: "हुकूमनाम्याची प्रत दाखवाल का? माझीही दाखवते." आधी 'वकिलांकडे आहे'. प्रमाणित प्रत पक्षकाराला न्यायालयातून मिळते, असं तिने सांगितल्यावर 'तू मला आरोपी समजतेस का'. आणि तीन दिवसांनी, 'खरं म्हणजे केस चालू आहे'. म्हणजे माणूस अजून विवाहितच. तो चिडला म्हणून मी त्याला नाकारलं नसतं, चौकशी कुणालाही बोचते. चौथ्या दिवशी शब्द बदलला, ते महत्त्वाचं.

प्रश्नांचीही मर्यादा आहे. पाठ केलेली गोष्ट सांगणारा नुसत्या चॅटवर आरामात उत्तरं देतो, विचार करायला वेळ मिळतो, शोधायलाही. म्हणून महत्त्वाचे दोन-तीन प्रश्न मी कॉलसाठी राखून ठेवते. नोकरीचं मात्र बोलण्यावर सोडू नये. डॉक्टर म्हणत असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत नाव शोधता येतं. बाकी बहुतेकांची चौकशी आपल्या सोलापुरात दोन फोनमध्ये होते.

तेव्हा माझं मत असं. माणूस परदेशातला, किंवा ओळखीचं कुणीच नसलेला असेल, तर व्हिडिओ कॉल पहिल्या आठवड्यातच. महिनाभर गप्पा मारून जीव गुंतल्यावर खोट दिसली तरी डोळे झाकले जातात. माणूस इथलाच असेल तर चेहऱ्याबद्दल खोटं बोलण्याची शक्यता कमी, लपवालपवी असते ती लग्नाची, कर्जाची, नोकरीची. तिथे वेळ प्रश्नांवर घालवा. आणि कुठल्याही टप्प्यावर पैशाचा विषय निघाला तर पुढची परीक्षा घेत बसू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन. सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही, आपल्या मार्शल लॉचं साल आहे.

दुसरं स्थळ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर सुपरवायझर. कॉल का टाळता, तर म्हणे आवाजामुळे काही ऐकूच येत नाही, आणि घरी खोलीत भावाची मुलं अभ्यासाला. बहिणीने सांगितलं, ऐकू नाही आलं तरी चालेल, दाखवा. एका दुपारी त्याने फोन लावला. खडखडाटात एक शब्द कळला नाही. त्याने कॅमेरा फिरवला, मागांची रांग दाखवली, मग दारातून बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, "आता बोला." पाण्याच्या प्रश्नावर तो पाच मिनिटं बोलला.

रविवारी सकाळी अकराला नवी पेठेतल्या एका हॉटेलात भेट ठरली, मी शेजारच्या टेबलावर. तो वीस मिनिटं उशिरा आला. नळाला पाणी आलं होतं.