कूपन, क्यूआर आणि वेगळे नंबर: नऊ महिने वापरून पाहिल्यावर

आमचं सांगलीत विश्रामबागला फर्निचर आणि गाद्यांचं दुकान आहे. लग्नसराईत संसार सेट, एरवी सुटी कपाटं, कॉट, गाद्या. जाहिरातीवर वर्षाला बऱ्यापैकी पैसे जातात: पेपरात घालायची पॅम्प्लेट, मिरज रस्त्यावर एक फ्लेक्स, थोडंफार फेसबुक. गिऱ्हाईक कशामुळे आलं, हे मात्र कधीच कळायचं नाही. विचारलं तर दहातले सात म्हणायचे, "असंच आलो."

गेल्या दसऱ्याच्या आधी ठरवलं, प्रत्येक जाहिरातीला स्वतःची खूण द्यायची. पॅम्प्लेटवर ५०० रुपयांचं कूपन, भागानुसार वेगळ्या कोडचं. कोपऱ्यात क्यूआर. आणि प्रत्येक जाहिरातीवर वेगळा मोबाइल नंबर. आता आषाढ लागलाय. तिन्हींचा अनुभव सारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कूपन, कारण सगळ्यात मोठा फटका तिथंच बसला. मिरजेच्या पॅम्प्लेटला MRJ500, पेपरातल्या छापील जाहिरातीला PPR500, विश्रामबागच्या पॅम्प्लेटला VBG500. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपडाउन करून घेतला. दिवाळी संपल्यावर रिपोर्ट काढला तर MRJ500 तब्बल ११२ बिलांवर! मी खूश. पुढच्या खेपेला मिरजेत दुप्पट पॅम्प्लेट टाकायची, असं घरी सांगूनही टाकलं.

मग सौ.नं एक साधा प्रश्न विचारला, "एवढी कूपनं आली तर ती आहेत कुठं?" गल्ल्याखालच्या डब्यात मोजली, ३१ निघाली. बाकीची ८१ बिलं बघितली. जवळजवळ सगळी संध्याकाळच्या गर्दीतली आणि बहुतेक एकाच सेल्समनची. त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. "साहेब, गिऱ्हाईक घासाघीस करतंय, पाचशे कमी केल्याशिवाय उठत नाही. मग कोड टाकतो. पहिला दिसतो तोच टाकतो." ड्रॉपडाउनमध्ये कोड एबीसीडीच्या क्रमानं लागले होते आणि MRJ सगळ्यात वर होता. म्हणजे माझा मिरजेचा विजय हा घासाघिशीचा आणि इंग्रजी मुळाक्षरांचा विजय होता.

पोराची चूक नव्हती. सूट द्यायला त्याच्याकडं दुसरं बटणच नव्हतं. म्हणून घासाघिशीच्या सवलतीसाठी वेगळी नोंद केली, 'काउंटर सूट' नावाची, आणि ती यादीत सगळ्यात वर ठेवली. कूपनचा नियम एकच केला: कागद हातात असेल तरच कोड, आणि कागद बिलाच्या दुकानप्रतीला स्टेपल. महिन्याच्या शेवटी स्टेपल केलेले कागद आणि रिपोर्टमधला आकडा जुळला पाहिजे. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेला कूपनचा फोटो दाखवला तर सूट देतो, पण ती काउंटर सूटमध्ये जाते. तो फोटो मिरजेच्या मेहुण्यानं पाठवलेला असतो आणि गिऱ्हाईक जतचं असतं. सगळ्या कोडवर रक्कम सारखीच ठेवा, हेही सांगतो. एकावर ५०० आणि दुसऱ्यावर ७०० असेल, तर सेल्समन आणि गिऱ्हाईक दोघंही ७०० वालाच शोधतात.

क्यूआरचा अनुभव थोडक्यात सांगायचा तर मन रमलं नाही. पहिली चूक माझीच. एका वेबसाइटवर फुकटात डायनॅमिक क्यूआर करून घेतला. म्हणजे चौकोनात आपला पत्ता नसतो, त्यांचा पत्ता असतो आणि तिथून ते आपल्याकडं वळवतात. त्यामुळं किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं. फुकटची मुदत दोन आठवड्यांची होती, हे वाचलंच नव्हतं. पॅम्प्लेट लोकांच्या घरी पोचली आणि क्यूआर उघडला की "प्लॅन संपला, पैसे भरा" असं पान यायला लागलं. छापलेला कागद परत कुठून आणणार?

नंतर साधा स्टॅटिक क्यूआर केला, थेट दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जाणारा. त्यात आधीच लिहिलेला मेसेज असतो आणि गिऱ्हाइकानं फक्त पाठवायचं असतं. मेसेजमधलं MRJ बघून मला कळतं की मिरजेचं पॅम्प्लेट.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MRJ
```

आधी या जागी मी "नमस्कार, मिरजेचं पॅम्प्लेट बघून मेसेज करतोय" असं अख्खं वाक्य घातलं होतं. लिंकमध्ये मराठीचं एकेक अक्षर आणि एकेक मात्रा नऊ-नऊ चिन्हांची होते. त्यामुळं चौकोनातले ठिपके इतके बारीक आणि दाट झाले, की हलक्या कागदावर शाई पसरून चारातल्या तीन फोनवर स्कॅनच होईना. तीन अक्षरांवर आणल्यावर ठिपके मोठे झाले आणि साधा फोनही उचलायला लागला. भोवती पांढरी जागा सोडायला छापखान्याला बजावून सांगा. आमच्या आर्टिस्टनं सुंदर दिसावं म्हणून कडेला लागून लाल पट्टी मारली होती.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. तासगावहून एक काका पॅम्प्लेट घेऊन आले आणि रागावून म्हणाले, "तुमचा क्यूआर खोटा आहे." मी म्हटलं, दाखवा. त्यांनी खिशातून फोन काढला, पैसे पाठवायचं ॲप उघडलं आणि क्यूआरवर धरला. 'इनव्हॅलिड क्यूआर'. आपल्याकडं क्यूआर म्हणजे भाजीवाल्याला पैसे द्यायचा कागद, हे डोक्यात इतकं बसलंय की कॅमेऱ्यानं स्कॅन करायचं असतं हे अनेकांना माहीतच नाही. काहींना तर पैसे कापले जातील अशी भीती. आता क्यूआरखाली "व्हॉट्सॲपसाठी. फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा. पैसे जात नाहीत." असं छापतो. मेसेज थोडे वाढले, तरी महिन्याला पाच-सहाच येतात, तेही तरुण पोरांचे. फ्लेक्सवरून क्यूआर काढूनच टाकला. मिरज रस्त्यावर गाडी चालवताना कोण स्कॅन करणार!

आता फोन नंबर. माझ्या मते तिघांत सगळ्यात सच्चा हाच. आधी तीन सिमकार्डं घेतली आणि तिन्हींवर कॉल फॉरवर्ड लावून सगळे फोन दुकानाच्या मोबाइलवर घेतले. दोन दिवसांत अक्कल आली: फॉरवर्ड होऊन आलेल्या फोनवर गिऱ्हाइकाचा नंबर दिसतो, पण त्यानं आपला कोणता नंबर फिरवला ते दिसत नाही, आणि कळायला हवं होतं नेमकं तेच. महिना भाड्यानं नंबर देणाऱ्या कंपन्या असतात, त्यात कोणत्या नंबरवर किती वाजता कोण बोललं याची यादी मिळते. चौकशी केली, पण आमच्या आकाराच्या दुकानाला खर्च पटेना. शेवटी ड्युअल सिमचे दोन कीपॅड फोन घेतले आणि पाठीला चिकटपट्टीवर 'मिरज पॅम्प्लेट', 'फ्लेक्स' असं लिहून काउंटरवर ठेवले. वाजला की सेल्समन वहीत नंबर आणि गाव लिहितो. तोच नंबर नंतर बिलावर आला की जुळवायचा.

याचा न मागता मिळालेला फायदा म्हणजे पॅम्प्लेट वाटली की नाही हे कळतं. पेपरात पॅम्प्लेट पडलं की त्या रविवारी सकाळी आठ ते अकरा फोन वाजतोच. पौषातल्या एका रविवारी बारा वाजेपर्यंत एकही फोन नाही. पेपर वाटणाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला सगळी घातली. संध्याकाळी स्वतः गेलो तर गठ्ठा सुतळीसकट कोपऱ्यात पडून होता.

तोट्याची बाजूही आहे. फ्लेक्सचा नंबर नऊ महिन्यांत अकरा वेळा वाजला, त्यातले दोन राँग नंबर. पण म्हणून फ्लेक्स फुकट गेला असं म्हणता येत नाही. लोक गाडीवरून नंबर टिपून घेत नाहीत. दुकानाचं नाव लक्षात ठेवतात, घरी जाऊन गूगलवर शोधतात आणि तिथल्या नंबरवर फोन करतात. श्रेय जातं गूगलला. म्हणून काही जण गूगलवरचा नंबरच सारखा बदलतात. ते करू नका. जुनी गिऱ्हाइकं गोंधळतात. आणि रिचार्ज संपलं की इनकमिंग बंद होतं, हे विसरू नका. पॅम्प्लेट लोक डब्याखाली अंथरतात आणि चार महिन्यांनी फोन करतात.

लग्नसराईचा हिशेब सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं बसतं ते कळेल. अक्षय्य तृतीयेच्या आधी ७००० पॅम्प्लेट टाकली, निम्मी मिरजेत, निम्मी विश्रामबाग भागात. छपाई आणि पेपरात घालायची मजुरी धरून ९४०० रुपये, म्हणजे प्रत्येक भागाला ४७००. मिरजेतून कूपनं १४ आली. मिरजेच्या नंबरवर २२ वेगळ्या लोकांचे फोन आले, त्यातल्या सहांनी खरेदी केली. पण त्या सहातल्या दोघांकडं कूपनही होतं. दोन्ही बेरजा तशाच केल्या तर २० होतात, खरी बिलं १८. विश्रामबागेतून कूपनं ५, फोन ९, त्यातले खरेदीदार २, पैकी एक कूपनवाला. म्हणजे ६ बिलं. कूपनची सूट सोडून मिरजेत एका बिलाला सुमारे २६१ रुपये पडले, विश्रामबागेत ७८३.

इथं थांबलो असतो तर विश्रामबागचं पॅम्प्लेट महाग आहे, पण काहीतरी देतंय, असं म्हणालो असतो. पुढच्या पंधरवड्यात मात्र विश्रामबागेत एकही पॅम्प्लेट टाकलं नाही आणि बिलावरचे पत्ते मोजले. पॅम्प्लेट टाकलं तेव्हा विश्रामबागचे पत्ते २१ होते, न टाकता १९. म्हणजे ते सहाजण बहुधा तसेही आलेच असते, दुकान त्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. आम्ही फक्त त्यांच्या हातात ५०० रुपयांचा कागद दिला. दोन पंधरवडे लग्नाच्या तिथींमुळं अगदी सारखे नव्हते आणि आकडे लहान आहेत, त्यामुळं शपथ घेऊन सांगणार नाही. तरी विश्रामबागची पॅम्प्लेट बंद केली.

मिरजेतही एकदा पंधरवडाभर बंद ठेवून बघायला हवं, हे कळतंय. सौ. दर महिन्याला आठवण करते. अजून धाडस झालेलं नाही.