सरासरीची वर्कशीट, सहा महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये नेटवरनं फुकट पीडीएफ मिळाली म्हणून घेतली. राजारामपुरीत घरीच सातवीची आठ पोरं घेते मी, त्यांच्यासाठी. दोन पानं, चोवीस गणितं, सगळी एकाच जातीची: इतके मार्क मिळालेत, एवढी सरासरी पाहिजे, तर राहिलेल्या पेपरात किती पडायला हवेत. तिसऱ्या पानावर उत्तरं. आता डिसेंबर आला, झेरॉक्स काढून काढून मूळ कागद पिवळा पडला, तेव्हा म्हटलं लिहावंच.

पहिली आठेक गणितं सोपी आहेत, सगळे मार्क दिलेले असतात आणि एकच मोकळा. पोरं पटापट करतात, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. खरी मजा नवव्यापासून, कारण तिथनं पुढं बऱ्याच गणितांत सुटे मार्क देतच नाहीत. चार चाचण्यांची सरासरी ७२ आहे, पाच मिळून ७५ व्हायला पाहिजे, पाचवीत किती? आठातल्या पाच पोरांनी लिहिलं ७८. का, तर ७२ आणि ७८ च्या मधोमध ७५ येतात. आता ह्यात चूक अशी की ७२ हा आकडा एका पेपरचा नाही, चार पेपरांचा आहे, त्याला एकट्या ७८ च्या बरोबरीनं तोलता येत नाही. हे मी तोंडानं तीनदा सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग पडताळा करायला लावला: चार गुणिले ७२ म्हणजे २८८, त्यात ७८ मिळवा, ३६६, पाचनं भागा, ७३.२. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पंच्याहत्तर तर आलेच नाहीत की." तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

नीट पद्धत तीच, पाच पेपरांची पाहिजे असलेली बेरीज ३७५, हातात २८८, राहिले ८७. पण मला वर्कशीटच्या कोपऱ्यात दिलेली दुसरी रीत जास्त आवडली, आणि मी ती उधारीच्या भाषेत शिकवते. प्रत्येक पेपरनं ७५ द्यायचे होते, चौघांनी तीन-तीन कमी दिले, म्हणजे १२ ची उधारी. पाचव्यानं स्वतःचे ७५ द्यायचे आणि वर चौघांची उधारीही फेडायची, ८७. मिसळ खायला पाच जण गेले आणि चौघांनी पैसे कमी काढले की पाचव्याचं काय होतं ते कोल्हापूरच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही 😄

आता तक्रार. सतरावं गणित बघा: मार्क ६८, ७४, ५९, ७१, पाहिजे सरासरी ७५, प्रत्येक पेपर शंभरचा. बेरीज २७२, ३७५ मधनं गेले की १०३. उत्तरांच्या पानावरही १०३ च छापलंय! शंभरपैकी १०३ कुठनं आणायचे? पहिल्या बॅचला मी पण न बघता टिक मारली होती, हे कबूल करते. एका पोरानं वही परत आणून विचारलं तेव्हा लक्षात आलं. पण खरं सांगू का, आता तेच गणित माझं सगळ्यात आवडतं झालंय, कारण त्याला एक ओळ जोडली की वेगळंच गणित तयार होतं. शेवटच्या पेपरात पैकीच्या पैकी पडले तरी ३७२ भागिले ५, म्हणजे ७४.४ च्या वर सरासरी जातच नाही. मग विचारते, दोन पेपर शिल्लक असते तर? सहा पेपरांचे ४५० पाहिजेत, त्यातनं २७२ गेले, १७८ राहिले, दोन्हीत ८९ पडले की जमलं.

एकविसाव्यात दुसरी भानगड आहे, तीन चाचण्यांची सरासरी ७१.६७ दिलीय आणि चार मिळून ७४ पाहिजे. तीननं गुणलं की २१५.०१ येतात आणि उत्तर ८०.९९. छापलेलं उत्तर ८१. दोन पोरं वीस मिनिटं आपली चूक शोधत बसली बिचारी, आणि चूक त्यांची नव्हतीच, सरासरी लिहितानाच ती दोन दशांश घरांपर्यंत जवळच्या आकड्यात बसवलेली. चाचण्यांचे मार्क पूर्णांकात असले तर बेरीज २१५ च धरायची, हे कुठंतरी लिहायला नको होतं का?

स्टार द्यायचे तर चार. सतरा आणि एकवीसच्या शेजारी मी पेननं ओळी लिहून नवा मास्टर केलाय, झेरॉक्स त्याचीच काढते. उत्तरांचं पान मात्र कपाटात, कारण ऑगस्टमध्ये एकदा ते चुकून गठ्ठ्यात गेलं आणि आठच्या आठ वह्यांत १०३ आलं, पायऱ्या एकाचीही नाहीत.