बॅलन्सशीटवरची सही खरी होती, पण सही करणारा पदावर नव्हता

माझ्या मामांचे सहा लाख रुपये गेले. ज्याने नेले त्याने दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. खोटा शिक्का, खोटं लेटरहेड, स्पेलिंगच्या चुका अशा गोष्टींवर बहुतेक जण नजर ठेवतात. इथे यातलं काहीच नव्हतं. मी इंदूरमध्ये एका कंपनी सेक्रेटरींच्या कार्यालयात काम करते आणि हेच फॉर्म रोज भरते, त्यामुळे पैसे गेल्यावर मामांनी सगळे कागद माझ्यासमोर आणून ठेवले.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. मामा रामबागेत राहतात, निवृत्त आहेत. ओळखीतून एक गृहस्थ घरी येऊ लागले. मराठी बोलणारे, मूळचे ग्वाल्हेरचे, वागायला अतिशय शांत. पीथमपूरला कारखाना असलेल्या एका पब्लिक लिमिटेड कंपनीचे आपण सीएफओ, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी आहोत, असं ते सांगत. कंपनी खरी आहे, पण अजून शेअर बाजारात आलेली नाही. “पुढच्या वर्षी आयपीओ येणार, माझ्या नावावरचे थोडे शेअर मी आधी आपल्या माणसांना देतोय,” असं त्यांचं म्हणणं. भाव २४० रुपये, २५०० शेअर, एकूण सहा लाख.

मामा काही डोळे मिटून पैसे देणारे नव्हेत. त्यांनी पुरावा मागितला आणि तो मिळालाही. कंपनीच्या वेबसाइटवर ‘आमचे व्यवस्थापन’ या पानावर त्या माणसाचा फोटो होता. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात बॅलन्सशीटखाली त्यांची सही होती. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारकडे भरलेल्या वार्षिक विवरणपत्राचं, म्हणजे MGT-7 चं एक छापील पान होतं, त्यात ‘सीएफओ’ या पदासमोर त्यांचं नाव होतं. मामा मला म्हणाले, “अगं, महिन्यापूर्वी भरलेल्या सरकारी फॉर्मवर नाव आहे. याच्यापुढे माणसाने आणखी काय बघायचं?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर केएमपी, म्हणजे कंपनीचे कायद्याने ठरवलेले मुख्य अधिकारी कोण, इथून सुरुवात करावी लागेल.

कंपनी कायदा २०१३ मध्ये ‘की मॅनेजेरियल पर्सोनेल’ ही ठरावीक पदांची यादी आहे. व्यवस्थापकीय संचालक किंवा सीईओ किंवा मॅनेजर, पूर्णवेळ संचालक, कंपनी सेक्रेटरी आणि सीएफओ. याशिवाय संचालकांच्या एक पायरी खालचा एखादा पूर्णवेळ अधिकारी संचालक मंडळाने तसा ठरवला, तर तोही. व्हिजिटिंग कार्डावर ‘फायनान्स हेड’ किंवा ‘व्हाइस प्रेसिडेंट’ छापलेलं असलं म्हणून कोणी केएमपी होत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, आणि दहा कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या प्रत्येक पब्लिक कंपनीला, ही पदं पूर्णवेळ भरावीच लागतात. नेमणूक होते संचालक मंडळाच्या बैठकीतल्या ठरावाने. माणूस सोडून गेला तर जागा भरायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते.

पीथमपूरची ही कंपनी दहा कोटींच्या वरची होती, म्हणून तिथे सीएफओ असणं सक्तीचं होतं. हा माणूस त्या जागेवर खरोखरच होता. जुलै २०२४ मध्ये बॅलन्सशीटवर सही त्यानेच केली. कायद्याप्रमाणे सीएफओ नेमलेला असेल तर त्याची सही तिथे लागतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने राजीनामा दिला. कंपनीने त्याची नोंद DIR-12 या फॉर्मवर सप्टेंबरमध्ये, म्हणजे तीस दिवसांच्या मुदतीत, सरकारकडे केली. कंपनीच्या बाजूने हा विषय तिथेच संपला होता. डिसेंबरमध्ये मामांच्या दिवाणखान्यात बसलेला माणूस चार महिन्यांपूर्वीच कंपनी सोडून गेलेला होता.

आता मामांनी पाहिलेल्या तीन पुराव्यांकडे या. प्रत्येकाची तारीख वेगळी आहे आणि सगळी मेख तिथेच आहे.

वेबसाइटवरचं व्यवस्थापनाचं पान सगळ्यांत कच्चं. बाजारात नसलेल्या कंपनीने ते रोजच्या रोज ताजं ठेवावं असं बंधन नाही. फोटो कुणी काढला नाही, इतकंच. वार्षिक अहवाल हा ३१ मार्च २०२४ रोजी संपलेल्या वर्षाचा, जुलैमध्ये सही झालेला. त्यात ऑगस्टचा राजीनामा येणं शक्यच नव्हतं; तो दिसणार पुढच्या वर्षीच्या संचालकांच्या अहवालात, कारण वर्षभरात कोण केएमपी आला आणि कोण गेला हे तिथे द्यावं लागतं.

खरा घात केला MGT-7 ने. कंपनी हा फॉर्म वार्षिक सभेनंतर साठ दिवसांत भरते, म्हणून तो नोव्हेंबरमध्ये भरला गेला. पाहणाऱ्याला वाटतं, नोव्हेंबरचा कागद म्हणजे नोव्हेंबरची स्थिती. तसं नसतं. त्यातली संचालक आणि केएमपी यांची यादी ही आर्थिक वर्ष संपतानाची, म्हणजे ३१ मार्चची असते. नाव असणं बरोबरच होतं. पण त्याच तक्त्यात शेवटचा एक रकाना असतो: आर्थिक वर्ष संपल्यानंतर पद सोडलं असेल तर त्याची तारीख. मी आमच्या कार्यालयातून शंभर रुपये भरून तो फॉर्म कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर उघडला, तर त्या माणसाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ऑगस्टची तारीख स्वच्छ लिहिलेली होती. मामांकडचं पान घेऊन शेजारी ठेवलं. त्या छापील पानाची उजवी कड इतकी कापलेली होती की तो रकानाच आला नव्हता. कागद खरा, मजकूर खरा, फक्त दोन बोटं कमी.

आणि त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता, जो कापलेला नव्हता. प्रत्येक नावासमोर त्या व्यक्तीकडे कंपनीचे किती शेअर आहेत ते लिहिलेलं असतं. या माणसासमोर शून्य होतं. मार्चअखेर ज्याच्या नावावर एकही शेअर नव्हता, तो डिसेंबरमध्ये ‘माझ्या नावावरचे’ अडीच हजार शेअर विकत होता. मधल्या काळात ते त्याला मिळाले असणं अशक्य नाही, पण मग ते डीमॅट खात्यात दिसले असते. पब्लिक कंपनीच्या शेअरचा व्यवहार आता डीमॅटमध्येच होतो. त्याने ना खातं दाखवलं होतं, ना काही विवरण. पैसे त्याने एका खासगी फर्मच्या खात्यात घेतले आणि ‘शेअर महिनाभरात वळते होतील’ अशी साध्या कागदावर पावती लिहून दिली.

आता काय पाहायचं ते सांगते. मंत्रालयाच्या www.mca.gov.in या पोर्टलवर कंपनीची ‘मास्टर डेटा’ नावाची माहिती फुकट बघता येते. कंपनीचं नाव किंवा तिचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक टाकला की नोंदणीचा पत्ता, भांडवल, ईमेल आणि संचालक-सह्याधिकाऱ्यांची यादी येते. मध्य प्रदेशातल्या कंपन्यांचं निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला आहे, पण तिथे जायची गरज नसते. संचालकांच्या नावासमोर त्यांचा डीआयएन क्रमांक असतो. सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी हे संचालक नसतील तर त्यांच्या पॅनचे काही आकडे झाकून दाखवलेले असतात. ही यादी आर्थिक वर्षाला बांधलेली नसते, DIR-12 दाखल होईल तशी बदलते. डिसेंबरमध्ये पीथमपूरच्या या कंपनीच्या यादीत व्यवस्थापकीय संचालक होते, इतर संचालक होते, कंपनी सेक्रेटरी होत्या, सीएफओ नव्हताच. जागा रिकामी होती आणि सहा महिन्यांची मुदत संपलेली नव्हती, म्हणून त्यात कंपनीचंही काही चुकलेलं नव्हतं.

या यादीलाही मर्यादा आहेत. फॉर्मला तीस दिवसांची मुदत असते, आणि काही कंपन्या दंड भरून उशिराही करतात, त्यामुळे महिनाभरापूर्वी गेलेला माणूस तिथे अजून दिसू शकतो. उलट प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सीएफओ नेमण्याची सक्ती नसते, तेव्हा तिथल्या खऱ्याखुऱ्या वित्त अधिकाऱ्याचं नाव यादीत नसलं म्हणजे तो ठग ठरत नाही. शेअर बाजारातल्या कंपन्यांचं काम सोपं आहे: केएमपी बदलला तर त्यांना एक्स्चेंजला बारा तासांत, राजीनामा असेल तर चोवीस तासांत कळवावं लागतं, आणि ते एक्स्चेंजच्या साइटवर कुणालाही वाचता येतं.

म्हणून मास्टर डेटात दिलेल्या ईमेलवर कंपनी सेक्रेटरींना दोन ओळी लिहाव्यात: अमुक व्यक्ती आज आपल्याकडे या पदावर आहे का, आणि या व्यवहारासाठी तिला संचालक मंडळाने अधिकार दिला आहे का. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. केएमपी कंपनीतर्फे करारावर सही करू शकतो, पण स्वतःचे शेअर विकताना तो कंपनीतर्फे बोलतच नसतो, आणि नवे शेअर देण्याचा अधिकार मंडळाचा असतो, एकट्या सीएफओचा नव्हे. जो ईमेल पत्ता तो माणूस स्वतः देईल, त्यावर विचारण्यात अर्थ नाही. मी लिहिलं तेव्हा सेक्रेटरीबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, राजीनाम्याच्या तारखेसकट. वेबसाइटवरचा फोटोही त्याच आठवड्यात निघाला.

मामांनी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग ठाण्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि तोतयेगिरीच्या कलम ३१९ खाली गुन्हा दाखल झाला. फर्मच्या खात्यातली थोडी रक्कम गोठवली गेली आहे, बाकीची आधीच काढलेली होती. ग्वाल्हेरच्या निबंधक कार्यालयालाही आम्ही कळवलं, पण पैसे वसूल करून देणं हे त्यांचं काम नाही, ते पोलीस आणि न्यायालयाचंच.

कुणाला हाच माणूस किंवा असाच दुसरा कुणी भेटला असेल, तर तक्रारीसोबत पोर्टलवरून त्या कंपनीच्या DIR-12 आणि MGT-7 ची प्रमाणित प्रत काढून जोडा. कंपनी कायद्याच्या कलम ३९९ प्रमाणे ती कुणालाही मिळते, त्या कंपनीशी आपला संबंध असावा लागत नाही, आणि निबंधकाने प्रमाणित केलेली प्रत न्यायालयात मूळ कागदाइतकीच धरली जाते. आणि त्या माणसाने दिलेलं कापलेलं पान फेकू नका. मूळ फॉर्मशेजारी ते ठेवलं की त्याने जाणूनबुजून काय लपवलं, हे तपास अधिकाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.