दर भेटीला मर्यादा की वर्षाला?

पुरवठादारांकडून मिळणाऱ्या भेटवस्तूंबद्दल आमच्या खरेदी विभागाच्या जुन्या धोरणात ‘वाजवी किमतीची भेट चालेल’ असं होतं. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपापलं ठरवायचा. नव्या मसुद्यासाठी दोन पर्याय समोर आले.

पहिला: एका भेटीला १,५०० रुपये. सोपा, पण गळका. एकाच पुरवठादाराकडून दिवाळीला १,४०० चा सुकामेव्याचा डबा, नवीन वर्षाला १,२०० चं घड्याळ, मार्चमध्ये १,३०० चं जेवण. एकूण ३,९००, तरी नियम कुठेच मोडत नाही आणि नोंदही होत नाही.

दुसरा: एका पुरवठादाराकडून आर्थिक वर्षात, जेवण धरून, २,५०० रुपये. इथे घड्याळापाशीच बेरीज २,६०० होते, ते परत जातं. यासाठी प्रत्येक भेट तीन दिवसांत नोंदवावी लागते, नाकारलेलीसुद्धा. घरी पोचलेला डबाही त्यातच, कारण बहुतेक डबे घरीच पोचतात. नोंदवहीचं काम वाढतं खरं, तरी मी याच्याच बाजूने आहे.

निविदा उघडल्यापासून ऑर्डर निघेपर्यंत मर्यादा शून्य, आणि रोख किंवा गिफ्ट कार्ड कधीच नाही. हे दोन नियम दोन्ही पर्यायांत हवेत.