फूटभाव की राबता? भाड्याचे दोन गाळे शेजारी ठेवून

गाळा भाड्याने बघायला निघालं की एजंट पहिला आकडा सांगतो तो फूटभावाचा. "मेन रोडला एकशेसाठ चालू आहे, आत गल्लीत पंच्याऐंशीला मिळेल." मग नवा दुकानदार एकतर स्वस्त म्हणून गल्लीत शिरतो, नाहीतर गर्दी बघून मेन रोडवर सही करून मोकळा होतो. फूटभाव आणि राबता हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत. ते जोडल्याशिवाय मालकाशी घासाघीस कुठपर्यंत करायची हेच कळत नाही.

उदाहरणासाठी पुण्यातलं फरसाण-खाकऱ्याचं दुकान घेऊ. आकडे फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत, पण पद्धत कुठल्याही गाळ्याला चालेल. गाळा 'अ' मेन रोडवर आहे. मालक २५० चौरस फूट सांगतो, भाव १६०, म्हणजे महिना ४०,००० रुपये. गाळा 'ब' शंभर पावलं आत, सोसायट्यांच्या गल्लीत आहे. सांगितलेलं क्षेत्र २८०, भाव ८५, म्हणजे २३,८०० रुपये.

आधी टेप लावा

सांगितलेलं क्षेत्र बहुतेक वेळा बिल्टअप किंवा सेलेबल असतं. भिंतींची जाडी, जिना, कॉमन पॅसेज यांचा वाटा त्यात धरलेला असतो. तुमचा माल मात्र कार्पेटवरच मांडला जाणार. आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत लांबी-रुंदी मोजा आणि मध्ये आलेला कॉलम वजा करा. पोटमाळा चौरस फुटात मिसळू देऊ नका. तिथे डबे ठेवता येतात, गिऱ्हाईक उभं राहत नाही. शटरची रुंदी वेगळी लिहा, कारण रस्त्यावरून दिसते ती तेवढीच.

मोजल्यावर 'अ' १८० फूट भरला आणि 'ब' २२०, असं धरू. मग 'अ'चा खरा भाव १६० राहत नाही, तो २२२ होतो. 'ब'चा ८५ऐवजी १०८ होतो. दोन्ही गाळ्यांची तुलना याच भावाने करायची. दोन मालकांनी दोन वेगळ्या पद्धतींनी क्षेत्र सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या फूटभावांची तुलना निरर्थक आहे.

माणसं मोजायची कशी

समोरच्या बाजूला उभं राहा आणि फक्त गाळ्याच्या बाजूच्या फुटपाथवरून चालणारी माणसं मोजा. रस्ता रुंद असेल किंवा मध्ये दुभाजक असेल तर पलीकडची गर्दी तुमची नाही. गाडीवरून जाणारे धरू नका. गाडी लावून उतरणारे मात्र धरा.

दिवसाचे तीन भाग करा: सकाळी १० ते १, दुपारी १ ते ५, संध्याकाळी ५ ते ९. प्रत्येक भागात १५ मिनिटं मोजा, चारने गुणून तासाचा आकडा काढा आणि भागातल्या तासांनी गुणा. 'अ'समोर सकाळी ४५, दुपारी २० आणि संध्याकाळी १०९ माणसं मिळाली तर ५४०, ३२० आणि १,७४४ होतात. म्हणजे दिवसाला ढोबळ २,६०० माणसं. हीच मोजणी एक कामाचा दिवस आणि एक रविवार धरून करा. दिवाळी, गणपती किंवा पगाराचा आठवडा टाळा. पुण्यात पी-१, पी-२ पार्किंग असलेल्या रस्त्यावर एक सम आणि एक विषम तारीख घ्याच. दारासमोर गाड्यांची रांग लागते त्या दिवशी दुकान दिसणं आणि आत येणं दोन्ही बदलतं.

चुका बहुतेक इथेच होतात. बसथांब्यावरची गर्दी मोठी दिसते, पण तिचं लक्ष बसकडे असतं. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्याची बाजू. सकाळी ऑफिसला जाताना माणूस फरसाण घेत नाही, संध्याकाळी घरी परतताना घेतो. म्हणून घरी परतणाऱ्यांच्या बाजूचा गाळा, माणसं थोडी कमी असली तरी, खाण्याच्या धंद्याला जास्त उपयोगाचा असतो. नाश्त्याच्या दुकानाला याच्या बरोबर उलट.

जाणाऱ्यांपैकी येणार किती

सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे आणि तो अंदाजाने घेतला जातो हेच वाईट. आसपास तुमच्याशी मिळतंजुळतं दुकान शोधा: बेकरी, मिठाई, डेअरी. त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहून किती माणसं गेली आणि त्यातली किती आत शिरली ते लिहा. ३२० गेली आणि ८ आत आली तर प्रमाण अडीच टक्के. पिशवी घेऊन बाहेर येणारेही वेगळे मोजा. तीन-चार वेळा, वेगवेगळ्या वेळी केलंत तर आकडा बऱ्यापैकी स्थिर होतो.

मेन रोडवर हे प्रमाण कमी असतं, कारण बहुतेक लोक दुसरीकडे कुठेतरी निघालेले असतात. गल्लीतली माणसं त्याच वस्तीतली, रोजची. 'अ'ला वरचेच अडीच टक्के, आणि 'ब'समोर दिवसाला ९०० माणसं आणि ५ टक्के आत येणारी धरू. एका गिऱ्हाइकाचं सरासरी बिल 'अ'ला १३० आणि 'ब'ला १७०, कारण घरासाठी घेणारा पावशेरावर थांबत नाही. आठवड्याची सुट्टी सोडून महिन्याचे २६ दिवस.

| | गाळा अ | गाळा ब |
|---|---|---|
| कार्पेटचा खरा भाव | २२२ रु. | १०८ रु. |
| दर हजार जाणाऱ्यांमागे भाडं | ५९२ रु. | १,०१७ रु. |
| रोजची गिऱ्हाइकं | ६५ | ४५ |
| एका गिऱ्हाइकामागे भाडं | सुमारे २४ रु. | सुमारे २० रु. |
| महिन्याची विक्री | २,१९,७०० रु. | १,९८,९०० रु. |
| विक्रीत भाड्याचा वाटा | १८ टक्के | १२ टक्के |
| ३० टक्के मार्जिनमधून भाडं गेल्यावर | २५,९१० रु. | ३५,८७० रु. |

फूटभावाने 'ब' निम्म्याने स्वस्त. जाणाऱ्या माणसांच्या हिशेबाने उलट 'अ' स्वस्त, सुमारे चाळीस टक्क्यांनी. एजंट हीच दुसरी ओळ दाखवून मेन रोडचा गाळा विकतो. पण भाडं देतं ते आत आलेलं गिऱ्हाईक, आणि तिथे 'ब' थोडा पुढे आहे. शेवटच्या ओळीत तर दर महिन्याला सुमारे दहा हजारांनी पुढे. नोकर आणि वीज दोन्हीकडे सारखी धरली आहे. 'अ'ला दुसरा माणूस लागणार असेल तर फरक आणखी वाढतो.

मग 'अ'ला किती द्यायचं

'ब'मध्ये हातात ३५,८७० राहतात. 'अ'मध्येही तेवढेच राहायला हवेत तर त्याचं भाडं त्याच्या विक्रीवरच्या ३० टक्के मार्जिनचे ६५,९१० वजा ३५,८७०, म्हणजे सुमारे ३०,००० असायला हवं. हा तुमचा आकडा. तो वहीत लिहा, मालकाला सांगू नका.

आता प्रमाण अडीचऐवजी ३ टक्के धरून बघा. गिऱ्हाइकं ७८ होतात आणि 'अ'ला ४३,००० भाडं देऊनही तुम्ही 'ब'च्या बरोबरीत राहता. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या अंदाजावर महिन्याला तेरा हजारांचा फरक पडतो. म्हणूनच पहिल्या दिवसापासून एकच मोठं भाडं मान्य करण्यापेक्षा पायरीचं भाडं मागावं असं आमचं ठाम मत आहे: पहिले सहा महिने ३०,०००, पुढे ३४,०००, आणि दोन्ही आकडे करारात लिहिलेले. विक्रीत टक्केवारी देण्याची पद्धत मॉलमध्ये चालते. एकट्या गाळेमालकाला रोजचा गल्ला तपासत बसायचं नसतं, त्यामुळे तो ती सहसा मान्य करत नाही.

बोलणी भाड्यापासून सुरू करू नका, मापापासून करा. "काका, तुमचा १६० चा भाव मला मान्य आहे, पण माप कार्पेटचं धरू. १८० फूट भरतंय." याचे २८,८०० होतात. मालकाला भाव पाडल्यासारखं वाटत नाही आणि तुम्ही तुमच्या आकड्याखालून सुरुवात करता. तो ३५,००० वर येईल. तेव्हा गाळा किती महिने बंद आहे ते बोलण्यात आणा. हे आधीच शेजारच्या चहावाल्याला विचारून ठेवावं, आणि आधीचे दुकानदार किती दिवसांत गेले तेही. रिकाम्या गाळ्याचा एक महिना म्हणजे मालकाचे ४०,००० बुडाले. महिन्याला ३,००० कमी केले तर अकरा महिन्यांत त्याचे ३३,००० जातात. एक महिना गाळा बंद राहण्यापेक्षा हे कमीच. हा हिशेब शांतपणे समोर मांडला की बहुतेक मालक ऐकून घेतात.

'ब'च्या मालकाशी फूटभावावर फार ताणून उपयोग नाही. तिथली अडचण वेगळी आहे: गल्लीला दुकान माहीत व्हायला तीन-चार महिने लागतात आणि टेबलातली ४५ गिऱ्हाइकं पहिल्या महिन्यात येणार नाहीत. म्हणून तिथे पहिले तीन महिने अर्धं भाडं मागा, आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर बाण असलेला बोर्ड लावायची परवानगी करारात घ्या. भिंत सोसायटीची असेल तर सोसायटीचं पत्रही लागेल.

भाड्यात न दिसणारं भाडं

डिपॉझिट वाढवून भाडं कमी करतो, असं मालक म्हणाला तर एक सोपा हिशेब आहे. वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज घेतलंत तर जादा एक लाख डिपॉझिट म्हणजे महिन्याला १,००० रुपये. भाडं त्याहून जास्त उतरत असेल तरच घ्या.

दरवर्षीची वाढ तर सही करताना नजरेआड होते. ३०,००० वर १० टक्के वाढ धरली तर पाचव्या वर्षी भाडं ४३,९२३ होतं, ५ टक्क्यांनी ३६,४६५. तुमची विक्री दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेल याची हमी कोणी देत नाही. भाड्यात दोन हजार सोडावे लागले तरी चालेल, पण ही वाढ पाचवर आणा.

मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतात. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. मग ३०,००० चे ३५,४०० होतात आणि वरचा सगळा हिशेब या आकड्याने पुन्हा करावा लागतो. कराराच्या मसुद्यात "भाडे अधिक कर" एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबून विचारा.

लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, तुमच्या बाजूने सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि मालकाच्या बाजूने तीन वर्षं मागा. फर्निचरसाठी ३० ते ४५ दिवस बिनभाड्याचे मागितले तर बरेच मालक देतात, फक्त तारीख चावी हातात आल्यापासून मोजली जाईल असं लिहून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. नोटरीवर भागवू म्हणणाऱ्याला नकार द्या, कारण पायरीचं भाडं, बोर्ड, वाढीची टक्केवारी हे सगळं त्या कागदावर असतं. सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता एकदा गाळ्यासमोर जाऊन १५ मिनिटं पुन्हा मोजा. रस्ता खोदायला सुरुवात झालेली नाही आणि बोर्डाच्या जागेसमोर नवा डीपी बॉक्स आलेला नाही, हेही त्याच वेळी बघून या.