तोंडाला वास येतो म्हणून पोटाचं औषध गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा

बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात मधूनमधून एखाद्या हॉलमध्ये किंवा लॉजच्या खोलीत ‘मोफत मुखदुर्गंधी तपासणी’ भरते. अशाच एका तपासणीत माझ्या थोरल्या भावाचे बारा हजार रुपये गेले. पैशापेक्षा जास्त नुकसान हिरड्यांचं झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दादा शहापुरात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकासमोर मांडी घालून पदर उलगडून दाखवायचा, म्हणजे बोलणं तोंडासमोरच. समोरच्या बायका मान वळवतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. वहिनीनेही एकदा धीर करून सांगितलं. माणूस अशा गोष्टीने आतून खचतो आणि चारचौघांत विचारतही नाही. फसवणाऱ्याला नेमका हाच माणूस हवा असतो.

तपासणीत एकाने त्याला काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात नळीने फुंकायला लावलं. थोड्या वेळात पाणी दुधासारखं झालं. “बघा की अण्णा, आतड्यात केवढा मळ साठलाय. तो कुजतोय आणि वास वर येतोय.” दादाला घाम फुटला. ग्लासात होती चुन्याची निवळी. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती गढूळ होते, हा शाळेतला प्रयोग आहे. तान्ह्या बाळाच्या श्वासानेही ती तशीच होईल. वासाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग तीन महिन्यांचा ‘कोर्स’ गळ्यात पडला: रात्री घ्यायचं चूर्ण, दिवसा चघळायच्या पुदिन्याच्या गोळ्या आणि संध्याकाळनंतर उपास. चूर्णाने जुलाब व्हायचे, ते ‘मळ निघतोय’ याचा पुरावा. गोळीने थोडा वेळ तोंड बरं वाटायचं. आणि उपाशी राहिल्यावर वास वाढला, तेव्हा उत्तर तयारच होतं: “घाण बाहेर पडताना वास येणारच.” उपाशीपोटी लाळ कमी सुटते, जिभेवरून अन्न घासलं जात नाही, त्यामुळे कुणाच्याही तोंडाला जास्त वास येतो. म्हणजे वास गेला तरी औषधाचा गुण आणि वाढला तरी औषधाचाच.

सगळ्यात घातक सूचना पुढेच होती. जिभेवरचा पांढरा थर हा पोटाचा आरसा आहे, तो खरवडायचा नाही, दर आठवड्याला फोटो पाठवायचा. आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊ नका, ते दात साफ करतात आणि दात हलायला लागतात. दादाच्या ब्रशला रक्त लागत होतं, पण या धाकाने त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

शेवटी वहिनीने त्याला बेळगावात दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आधी तोंड मिटून फक्त नाकाने श्वास सोडायला लावला, मग नाक दाबून तोंडाने. नाकातून वास नव्हता, तोंडातून होता. फुप्फुसातून किंवा रक्तातून येणारा वास दोन्हीकडून यायला हवा, फक्त नाकातून आला तर सायनसकडे बघायचं. मग त्यांनी प्लास्टिकच्या चमच्याने जिभेची मागची बाजू हलकेच खरवडली, थोडं थांबून चमचा दादाच्याच नाकाशी धरला. त्याला उत्तर मिळालं. एरवी स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाकाला सवय होते.

“पोटाचं काय?” दादाने विचारलं. त्यांचं म्हणणं असं: अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आला किंवा आंबट वर आलं तर तेवढ्यापुरता वास येईल, दिवसभर येत राहणारा वास पोटातून येणं दुर्मीळ. बहुतेकांच्या बाबतीत तो जिभेच्या मागच्या भागातून आणि हिरड्यांतून येतो. तिथे हवा न लागता वाढणारे जंतू अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, रक्त यातली प्रथिनं फोडतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास.

मग बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून मोजलं. निरोगी फट एक ते तीन मिलिमीटर. दादाच्या खालच्या दाढांशी ती पाच-सहा निघाली आणि रक्त आलं. एक्स-रेत दाढेभोवतीचं हाड झिजलेलं दिसलं. इतक्या खोल ब्रश पोचत नाही, जंतूंचं तिथे कायमचं घर होतं. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात म्हणून त्यांनी साखरही तपासायला लावली, ती ठीक निघाली. तंबाखू, मिश्री आहे का हेही विचारलं. निपाणीकडच्या लोकांनी ध्यानात ठेवावं: तंबाखूने हिरडीतलं रक्त येणं कमी होतं, त्यामुळे आजार आत वाढत असूनही हिरडी ठणठणीत वाटते.

उपचार म्हणजे भूल देऊन हिरडीखालचं किटण काढणं आणि मुळं साफ करणं, एकेका बाजूचं वेगवेगळ्या वेळी. नंतर दात शिवशिवले, दातांमध्ये फटी दिसायला लागल्या. दादा घाबरला, ‘तो म्हणाला होता तसंच झालं’. खरं तर सूज उतरली आणि किटणाने भरलेली जागा मोकळी झाली. दात हलतो तो हाड झिजल्यामुळे, साफ केल्यामुळे नाही. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दोनच आठवडे दिल्या. त्या जास्त दिवस घेतल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

जीभ कशी साफ करायची तेही त्यांनी करून दाखवलं. पट्टी जमेल तितकी मागे ठेवायची, कारण थर तिथेच जाड असतो, आणि हलक्या हाताने पुढे ओढायची. तीन-चार वेळा, दरवेळी धुऊन. उमासा येतो, तेव्हा श्वास बाहेर सोडत ओढायची. रक्त येईपर्यंत घासायचं नाही. थर पुन्हा जमतो, म्हणून हे रोजचं काम. पण हिरडीच्या फटीतला वास जिभेच्या पट्टीने जात नाही. तिथे दातांच्या मधल्या बारीक ब्रशशिवाय इलाज नाही, तोही फटीत बसेल अशा मापाचा.

तोंड स्वच्छ असूनही वास राहिला तर टॉन्सिलच्या खळग्यातले पिवळट खडे, कोरडं तोंड करणारी औषधं, तोंड उघडं टाकून झोपणं हे बघावं लागतं. मधुमेहाच्या माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सोबत उलट्या किंवा गुंगी असेल तर मात्र थेट दवाखाना गाठायचा. श्वासाला अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंड तपासायला हवं.

पैशाचं म्हणाल तर ते बुडाले. पावती दिली नव्हती. चूर्णाच्या पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, मुदत यातलं काही नव्हतं. आयुर्वेदिक औषधावरही हे छापावं लागतं. दिलेला मोबाइल नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न पावतीचाच आला. आता ग्लास आणि पाकिटाचे फोटो घेऊन अर्ज दिलाय, बघू.

दादाचा वास आता जवळजवळ गेलाय, वहिनीच सांगते. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक फटी भरून आल्या होत्या. डावीकडची शेवटची दाढ अजून पाचवरच आहे. तिथे हाड परत येत नाही. ती टिकेल की काढावी लागेल ते पुढच्या मोजणीनंतर ठरेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.